साक्षीदारांसमोरचे भांडण आणि दोघांतला माफीनामा

कार्यालयातील बैठकीत सर्वांदेखत झालेली खडाजंगी आणि बंद दाराआड झालेला वाद यांत शब्द तेच असले, तरी नुकसान वेगळे असते. कॅनडात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ आर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 सालच्या एका निबंधात या नुकसानाची मांडणी केली आहे. चारचौघांत वावरताना प्रत्येक जण स्वतःविषयी काही एक मान गृहीत धरतो आणि तो टिकावा म्हणून उपस्थित मंडळीही एकमेकांना सांभाळून घेतात, असे ते दाखवतात. या मानाला ‘दर्शनी प्रतिमा’ म्हणता येईल. ही प्रतिमा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत वसत असल्यामुळे तिला गेलेला तडा केवळ त्या दोघांच्या समेटाने बुजत नाही, आणि भांडणानंतर पाठवल्या जाणाऱ्या माफीच्या संदेशाची खरी अडचण इथेच सुरू होते.

उदाहरणादाखल असे समजावे की, एका जिल्हा कार्यालयाच्या मासिक आढावा बैठकीत वेतनदेयके, म्हणजे पगाराची बिले, उशिरा आल्यावरून लेखा शाखेतील कर्मचारी आस्थापना शाखेतील सहकारी बाईंना सर्वांसमोर म्हणाला, “काम जमत नसेल तर टेबल सोडा.” त्याच रात्री त्याने लिहिलेला मजकूर बहुधा असा असतो: “मॅडम, मन दुखावलं असेल तर क्षमस्व. पण देयके वेळेत आली असती तर हा प्रसंगच आला नसता.” यातील पहिले वाक्य दुखावले जाण्यालाच शंकास्पद ठरवते आणि दुसरे वाक्य बैठकीतले भांडण पुन्हा मांडते, दोन्ही वाक्यांत मिळून आपण नेमके काय बोललो याचा उच्चारही येत नाही.

क्षमायाचना करणारा स्वतःचे दोन भाग करतो, असे गॉफमन यांनी पुढे 1971 सालच्या ग्रंथात म्हटले आहे: एक भाग आगळीक केलेला, आणि दुसरा त्या आगळिकीला नावे ठेवून मोडलेल्या नियमाच्या बाजूने उभा राहणारा. वरच्या मजकुरात हा दुसरा भाग जन्मालाच आलेला नाही. संशोधक रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माफीचे 6 घटक तपासले गेले, तेव्हा जबाबदारी कबूल करणे सर्वांत परिणामकारक ठरले, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी, तर ‘क्षमा करा’ ही विनंती सर्वांत कमी उपयोगाची ठरली. अर्थात प्रयोगात भाग घेणाऱ्यांसमोर कागदावरची काल्पनिक परिस्थिती होती. वर्षानुवर्षे एकाच दालनात बसणाऱ्यांचे हिशेब त्यात धरलेले नाहीत.

या निष्कर्षांनुसार सुधारलेला संदेश असा होईल: “मॅडम, आज बैठकीत सगळ्यांसमोर ‘काम जमत नसेल तर टेबल सोडा’ असं मी तुम्हाला बोललो. चूक माझी आहे. देयकांबद्दल विचारायचं होतं, ते तुमच्या टेबलाशी येऊन विचारता आलं असतं. तुमची हरकत नसेल तर पुढच्या बैठकीत हेच सर्वांसमोर सांगेन. नको असेल तर विषय काढणार नाही. उत्तराची घाई नाही.” देयके खरोखरच उशिरा आली होती, हा मुद्दा संदेश लिहिणाऱ्याने सोडून दिलेला नाही, त्याने फक्त बोलण्याची रीत आणि जागा यांची माफी मागितली आहे. आपले म्हणणे बरोबर होते, या जाणिवेने अडून बसणाऱ्यांना हा भेद सहसा दिसत नाही.

जाहीर दुरुस्तीचा प्रस्ताव ठेवताना तिचा निर्णय समोरच्या व्यक्तीवर सोपवणे अपरिहार्य आहे, कारण काहींना तो प्रसंग पुन्हा उकरला जाणे मूळ अपमानाइतकेच नकोसे वाटते. परस्पर कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर माफी टाकणे तर त्याहून वाईट. तिथे इतरांचे हात जोडलेले इमोजी धडाधड पडू लागले की, ज्याचा अपमान झाला त्याला मन नसतानाही “असू द्या” लिहावे लागते, आणि मोठेपणा मात्र माफी मागणाऱ्याच्या पदरात पडतो. (साहेबाने हाताखालच्याला पाठवलेल्या संदेशातही नकाराची मोकळीक बरीचशी नावापुरतीच असते.)

संदेश पोचला, पण लागू पडला नाही, हे उत्तराच्या शब्दांवरून कळत नाही. पूर्वी टेबलावरून टेबलावर तोंडी विचारल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी आता लेखी टिपणी येऊ लागली, आणि तिची प्रत वरिष्ठांना जाऊ लागली, तर ‘असू द्या’चा अर्थ लावायचे कारण उरत नाही. अशा वेळी आणखी एक संदेश पाठवू नये. लेखा शाखेतून उठून आस्थापनेच्या टेबलाशी जावे आणि बाईंना त्या बैठकीविषयी जे बोलायचे असेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्यावे.