तीन ओळींत गाव विकू नका

गेल्या महिन्यात माझ्याकडून एक घोळ झाला, आधी तो सांगतो.

आपल्या ग्रामसभेवर मी सतराशे शब्दांचा लेख लिहिला होता. १५ ऑगस्टच्या सभेला ६४ माणसं आली. आपले मतदार साधारण चोवीसशे. गणपूर्तीचा नियम असा की मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी असेल तो आकडा धरायचा. म्हणजे आपल्याला १०० हवेत. ते झाले नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अटच नसते. तिला १९ जण आले, त्यांनी गावाचा वर्षाचा विकास आराखडा मंजूर केला आणि वरच्या वाडीची पाईपलाईन यादीतून गळाली. लेखात हे सगळं होतं, शिवाय इतिवृत्ताची प्रत कशी मागायची तेही होतं.

पोस्टवर मी लिहिलं, "ग्रामसभा या विषयावर सविस्तर लेख लिहिला आहे, जरूर वाचावा." दोन दिवसांत लिंक उघडली मोजून अकरा जणांनी. त्यातले दोघे माझ्याच घरातले.

पुतणी म्हणाली, "काका, असं कोण वाचणार? थोडा मसाला टाका." मी टाकला. "१९ जणांनी गाव विकलं! कसं, ते वाचून तुमचंही रक्त खवळेल." लोकांनी धडाधड उघडलं आणि शेअरही केलं. तिसऱ्या दिवशी एक भला माणूस ग्रामसेवकांच्या अंगावर धावून गेला, "कोणाला विकलं ते सांगा" म्हणून. त्याने लेख उघडलाच नव्हता, फक्त माझी एक ओळ वाचली होती. ग्रामसेवक मला म्हणाले, "तुमचा लेख बरोबर आहे हो, पण तो वाचलाय कोणी?" मी पोस्ट काढली, माफी मागितली.

त्यातून माझं जे मत झालं ते असं. लेखाच्या आधीची चार ओळींची जाहिरात हीच बहुतेकांसाठी अख्खी बातमी असते. दहा जणांच्या डोळ्यांखालून गेली तर एखादाच लिंक दाबतो, उरलेले तेवढंच घेऊन पारावर बसतात. म्हणून ती ओळ लिंक दाबणाऱ्याला ओढणारी हवी, पण न दाबणाऱ्यालाही खरंच सांगणारी हवी. या दोन गोष्टी भांडतात असं मला वाटायचं. तसं नाही.

कुतूहल कशाने जागं होतं यावर जॉर्ज लोवेन्स्टाईन या अभ्यासकाने १९९४ साली मांडणी केली होती. आपल्याला थोडं माहीत आहे आणि थोडं नाही, ही फट दिसली की माणूस ती भरायला धावतो. यातला 'थोडं माहीत आहे' हा भाग आपण विसरतो. "रक्त खवळेल" या ओळीत माहिती काहीच नाही, नुसती फट आहे. "सविस्तर लेख लिहिला आहे" यात फटही नाही. काय घडलं ते आधी पूर्ण सांगायचं आणि 'कसं घडलं' व 'आता काय करायचं' यातलं थोडं लेखासाठी ठेवायचं, हा मधला रस्ता.

मग मी पुन्हा बसलो. सतराशे शब्दांतून आधी एकच वाक्य शोधायचं होतं. माझी युक्ती साधी आहे. लेख चहाच्या टपरीवर तोंडी सांगायचा आणि ऐकणारा कुठे "आँ?" करतो ते बघायचं. तीनही वेळा माणसं एकाच जागी थांबली: तहकूब सभेला कोरम लागत नाही. ग्रामसभेचा इतिहास, कायद्याचं नाव, माझी प्रस्तावना यांवर कोणी मान वर केली नाही. म्हणजे माझ्या लेखाचं पहिलं वाक्य सातव्या परिच्छेदात लपलं होतं. (बहुतेक लेखांचं असंच असतं, निदान माझ्या तरी.)

दुसरी अडचण जागेची. फोनवर पोस्ट थोडी दिसते आणि पुढे "आणखी पहा" येतं. इन्स्टाग्रामवर तर साधारण सव्वाशे चिन्हांनंतरच घडी पडते. आपल्या लिपीत ही चिन्हं पटापट संपतात, कारण काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'ग्रामसभा' आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोजणीत ती आठ होतात. म्हणून "नमस्कार मित्रांनो, आज एका महत्त्वाच्या विषयावर" एवढ्यातच एक तृतीयांशाहून जास्त जागा जाते.

शेवटी हे जमलं:

"कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागतच नाही. १९ जणांनी अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर केला.

हे सगळं नियमानेच झालं. पण वरच्या वाडीची पाईपलाईन त्यात का राहिली आणि इतिवृत्ताची प्रत काढल्यावर मला काय दिसलं, ते लेखात लिहिलंय.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता, शाळेत."

पहिला परिच्छेद १०५ चिन्हांचा आहे, घडीच्या आत बसतो. "नियमानेच" हा शब्द त्या ग्रामसेवकांसाठी. तो घातल्याने धार कमी होईल असं पुतणीला वाटलं. मला उलट वाटतं. चोरी झाली असं म्हटलं की माणूस चिडून पुढे जातो, नियमाने झालं म्हटलं की तो विचारात पडतो.

शेवटच्या ओळीवरून आमचा खरा वाद झाला. "तारीख लेखात ठेवा ना काका, म्हणजे झक मारून उघडतील." यावर मी अजिबात हटणार नाही. तारीख, ठिकाण, अर्जाची मुदत, कोणाला फोन करायचा, या गोष्टी लिंकच्या मागे लपवायच्या नाहीत. ज्याच्या फोनला रेंज नाही, ज्याचा डेटा संपलाय, ज्या आजींना लिंक दाबायची भीती वाटते, त्यांची सभा माझ्या क्लिकसाठी चुकता कामा नये. उत्सुकतेसाठी बाकीचं पुष्कळ आहे.

लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकायची फॅशन आहे, पोस्ट जास्त पसरते म्हणून. पसरत असेलही. पण कोणी ती पोस्ट शेअर केली की कमेंट मागेच राहते, आणि व्हॉट्सअपवर तर लोक मजकूर तेवढा उचलतात. म्हणून मी लिंक मजकुरातच ठेवतो, तारखेच्या वर, म्हणजे कापणाऱ्यालाही थोडी मेहनत पडते.

व्हॉट्सअपवर लिंकसोबत जो छोटा चौकोन दिसतो तो तुमच्या मजकुरातून येत नाही. तो लेखाच्या पानातल्या `og:title` आणि `og:description` मधून येतो. माझ्या पानावर तिथे रिकामं होतं, त्यामुळे खाली "मुख्यपृष्ठ" असं दिसत होतं. तिथे वरची पहिलीच ओळ भरली. फेसबुक जुनाच चौकोन दाखवत राहिलं, कारण ते एकदा वाचलेलं साठवून ठेवतं. त्यांच्या शेअरिंग डिबगरमध्ये लिंक टाकून `Scrape Again` दाबल्यावर नवा आला.

या वेळी लेख मसाल्याच्या वेळेपेक्षा कमी जणांनी उघडला. पण खाली चौघांनी विचारलं की इतिवृत्ताच्या प्रतीचा अर्ज कोणाच्या नावे करायचा. हा प्रश्न लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पडत नाही, कारण ते मीच लिहायचं विसरलो होतो. अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. लेखातही आता ते घातलंय.