गोठवलेले वरण : किती दिवस टिकते, कसे वितळवावे?

अंबाजोगाईतील कितीतरी घरांत आज दोघेच वृद्ध राहतात. मुले पुण्याला किंवा संभाजीनगरला, लेक लातूरला. रविवारी लेक येते, आठवड्याचे वरण-सांबार एकदम शिजवते, लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. अशा घरांतून मला वारंवार विचारले जाते, ‘डॉक्टर, हे शिळे अन्न नव्हे का? किती दिवस चालेल?’ प्रश्न रास्त आहे. नीट गोठवलेले वरण निर्धोक असते. मात्र ते ‘नीट’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे, कारण धोका बहुधा फ्रीझरमध्ये नसतो. तो फ्रीझरच्या आधीच्या दोन तासांत आणि फ्रीझरनंतरच्या काही तासांत असतो.

डाळ कुकरमध्ये शिजली म्हणजे त्यातील सर्व जंतू मेले, अशी आपली समजूत असते. शिजवण्याने बहुतेक जिवाणू मरतात हे खरे, परंतु काही जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून बीजाणूच्या रूपात तग धरतात. ‘बॅसिलस सेरियस’ आणि ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स’ ही त्यांची नावे. माती, धान्य आणि डाळी यांच्याबरोबर ते सहज स्वयंपाकघरात येतात. उकळते वरण कोमट होऊ लागले की हे बीजाणू जागे होतात आणि वाढीस लागतात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या खाली आणि ५ अंशांच्या वर त्यांना अनुकूल काळ असतो. घट्ट वरण उष्णता धरून ठेवते. पुरणपोळीच्या दिवशी केलेली कटाच्या आमटीची मोठी कढई ओट्यावर झाकून ठेवली, तर मध्यभागी ती रात्रभर कोमट राहू शकते, आणि त्या कोमटपणातच जिवाणूंची वाढ होते. दुसऱ्या दिवशी आमटी अधिक मुरलेली लागते, हे खरेच. पण ती मुरायची असेल तर फ्रिजमध्ये मुरू द्यावी, ओट्यावर नव्हे.

बॅसिलस सेरियसचे काही प्रकार अन्नातच असे विष तयार करतात की ते पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. गोठवल्याने तर नाहीच. म्हणून ओट्यावर रात्र काढलेले वरण सकाळी फ्रीझरमध्ये ठेवणे म्हणजे दोष जपून ठेवणे होय. गोठवण्याने जिवाणूंची वाढ थांबते, जिवाणू मरत नाहीत आणि झालेले नुकसान भरून निघत नाही. वरण ज्या अवस्थेत आत जाते, जवळपास त्याच अवस्थेत ते बाहेर येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, दोन वृद्ध व्यक्तींसाठी चार वेळचे वरण गोठवायचे आहे. पाव किलो तूरडाळ नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात शिजवून घोटली, तर साधारण एक लिटर घट्ट वरण होते. त्याचे चार भाग करावेत. एका वेळेस दोघांना अडीचशे मिलिलिटर पुरे, कारण वितळवताना त्यात पाणी घालून ते हवे तेवढे पातळ करता येते. घट्ट वरण कमी जागा घेते. वरची फोडणी आणि कोथिंबीर त्या त्या दिवशी ताजी घालावी. फोडणीचा खमंगपणा फ्रीझरमध्ये उतरतो.

चूल बंद केल्यापासून घड्याळाकडे लक्ष असू द्यावे. दोन तासांच्या आत वरण फ्रिजमध्ये पोहोचले पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरातील हवाच ३२ अंशांच्या पुढे असते, त्या दिवसांत ही मुदत एका तासाची समजावी. यासाठी सोपा उपाय म्हणजे मोठ्या परातीत गार पाणी आणि थोडा बर्फ घेऊन त्यात पातेले ठेवावे आणि वरण मधूनमधून ढवळत राहावे. पाणी कोमट झाले की बदलावे. ढवळण्याने आतली उष्णता लवकर बाहेर येते. वरण कोमट झाले की उथळ डब्यांत भरावे. डब्यात त्याची उंची दोन इंचांपेक्षा अधिक नसावी. भरलेले डबे तासभर फ्रिजच्या खालच्या भागात गार करून मग फ्रीझरमध्ये ठेवावेत. तेथे सुरुवातीला एकावर एक न रचता शेजारी शेजारी मांडावेत, म्हणजे ते लवकर घट्ट होतात. पूर्ण गोठल्यावर रचले तरी चालतात.

पाणी गोठताना फुगते, म्हणून डब्यात वर बोटभर जागा मोकळी सोडावी. काचेच्या बरण्या तडकतात, त्या टाळाव्यात. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे किंवा अन्नासाठीचे प्लॅस्टिकचे डबे चालतात, पण कढत वरण प्लॅस्टिकमध्ये ओतू नये. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी चिकटवून पदार्थ आणि तारीख लिहावी. गोठलेले वरण आणि गोठलेले सांबार ओळखता येत नाही, आणि तारखेचा अंदाज तर कोणालाच राहत नाही.

सांबाराबाबत एक स्वतंत्र सूचना. बटाटा गोठवून वितळवला की रवाळ आणि पाणचट होतो. भेंडी, दुधी आणि वांगी लगदा होतात. शेवग्याच्या शेंगा चोथट लागतात. यात आरोग्याला अपाय नाही, पण पदार्थाची चव जाते आणि वृद्ध माणसे ताट बाजूला सारतात. म्हणून डाळ, चिंच आणि मसाला यांचा पाया तेवढा गोठवावा आणि भाज्या जेवणाच्या दिवशी वेगळ्या शिजवून त्यात घालाव्यात. सांबारात चिंच आहे म्हणून ते बाहेर टिकेल, असे मात्र मानू नये. आपण घालतो तेवढी चिंच संरक्षणास पुरेशी नसते.

मग ते टिकते किती? शिजवलेले वरण नुसत्या फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन ते तीन महिने उत्तम राहते. त्यानंतर ते विषारी होते असे नाही, केवळ चव, रंग आणि पोत उतरत जातो. वर पांढुरका कोरडा थर दिसला तर तो बाष्प उडाल्यामुळे असतो. तो हानिकारक नाही, फक्त बेचव असतो.

पण आपला फ्रीझर खरोखर उणे १८ अंशांचा आहे का, हे पाहायला हवे. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधील लहान बर्फाचा कप्पा पुष्कळदा तेवढा थंड नसतो. काही फ्रीझरच्या कप्प्यावर हिमतारका छापलेल्या असतात. एक तारका म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीच्या चिकटपट्टीवरील तारे वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. एका तारकेच्या कप्प्यात वरण आठवडाभर, दोन तारकांच्या कप्प्यात सुमारे महिनाभर ठेवावे. चिन्ह नसेल, तर आत ठेवलेले आइस्क्रीम पाहावे. ते दगडासारखे घट्ट न राहता चमच्याने सहज निघत असेल, तर तो कप्पा उणे १८ अंशांचा नाही असे समजावे आणि वरण आठवड्यात संपवावे.

दुसरी अडचण विजेची. आपल्या भागात वीज जाणे हा नित्याचा अनुभव आहे. वीज गेली की फ्रीझरचे दार उघडू नये. गच्च भरलेला मोठा फ्रीझर बंद दाराने साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो. आपला लहान कप्पा त्याहून पुष्कळ कमी वेळ धरेल. आपण गावाला गेलो असताना काय घडले, हे कळण्यासाठी एक युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे बर्फाच्या वरच दिसले, तर ठीक. ते बर्फाच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजून ते डबे टाकून द्यावेत. बर्फाचे कण अजून शिल्लक असलेले वरण मात्र त्याच दिवशी उकळून खाता येते.

वितळवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे सकाळी डबा ओट्यावर काढून ठेवणे आणि दुपारी गरम करणे. बाहेरचा थर तास-दोन तासांत कोमट होतो, मधला गोळा बर्फच राहतो, आणि बाहेरच्या थरात जिवाणू वाढू लागतात. त्याऐवजी उद्याच्या जेवणाचा डबा आज रात्रीच फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो वितळतो.

आठवण राहिली नाही, तरी हरकत नाही. वरण हा पातळ पदार्थ असल्याने तो वितळण्याची वाट न पाहता थेट चुलीवर ठेवता येतो. डबा क्षणभर नळाखाली धरला की गोळा सुटतो. पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून त्यात गोळा सोडावा, झाकण ठेवून मंद आच द्यावी आणि पळीने फोडत राहावे. सारे एकजीव झाल्यावर मोठ्या आचेवर खळखळ उकळी आणावी आणि ढवळत दोन मिनिटे ती टिकवावी. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. मध्यभागीही खळखळले पाहिजे. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर वरण स्टीलच्या डब्यातून काढून घ्यावे आणि मधेच थांबून ढवळावे, कारण त्यात काही भाग कढत तर काही गार राहतो.

एकदा गरम केलेले वरण पुन्हा गोठवू नये. एका वेळचे भाग लहान ठेवण्याचे कारण हेच. फ्रिजमध्येच वितळलेला, न उघडलेला डबा बेत बदलल्यास परत फ्रीझरमध्ये ठेवणे चालते, फक्त चव आणखी उतरते.

वास आणि चव यांवर निर्णय सोपवू नका. आंबलेले वरण नाकाला कळते, पण अपाय करणारे वरण नेहमी आंबलेले नसते. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या, किंवा सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले, तर मागील जेवण आठवून पाहावे. बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते. क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट देत राहावे. मात्र रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असेल, लघवी कमी झाली असेल, गुंगी किंवा ताप असेल, अथवा शौचात रक्त दिसले, तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे. तेथे कोणते वरण, कधी शिजवलेले आणि कसे ठेवलेले, हे सांगता आले तर निदानास मोठी मदत होते. डब्यावरची तारखेची पट्टी येथेही उपयोगी पडते.