रेझ्युमेत ‘आयटूसी येते’ एवढेच पुरेसे नाही

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील नवा इंजिनीअर फर्मवेअरच्या नोकरीसाठी अर्ज करताना ‘एसटीएम३२, आयटूसी, डीबगिंग’ अशी यादी देतो. त्यातून त्याला नेमके काय जमते, हे कळत नाही. यादीपेक्षा सोडवलेला एखादा बिघाड लिहावा. उदाहरणार्थ, एसटीएम३२ला जोडलेला सेन्सर १०० किलोहर्ट्झवर चालायचा, ४०० वर मधूनच गप्प व्हायचा. ऑसिलोस्कोपवर सिग्नल वर चढायला ८५० नॅनोसेकंद लागताना दिसले. १०० किलोहर्ट्झला १००० नॅनोसेकंद चालतात, ४०० ला जेमतेम ३००. म्हणजे दोष कोडचा नव्हता. १० किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर काढून २.२ किलोओहमचे लावले आणि सेन्सर सुरळीत चालला. अशा चार ओळी असलेला रेझ्युमे निवडणाऱ्याने आधी उचलावा. मुलाखतीत विचारायचा प्रश्नही त्यातच आहे.