'इज' लिहिणाऱ्या मुलाचं काय चुकतं?

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून इंग्रजी माध्यमात आलेलं मूल 'आय थॉट द मीटिंग इज टुडे' असं लिहितं. आपण 'इज'भोवती लाल गोल करतो आणि नियम सांगतो: मुख्य वाक्य भूतकाळी, तर गौण वाक्यही भूतकाळी. पुढच्या आठवड्यात 'इज' परत येतो. मूल नियम विसरलेलं नसतं, ते मराठीचा नियम पाळत असतं.

'मला वाटलं, सभा आज आहे' यातला 'आहे' वाटण्याच्या क्षणापासून मोजलेला असतो. कोकणीतही 'म्हाका दिसलें, मीटिंग आयज आसा' असंच म्हणतात. इंग्रजी मात्र बोलण्याच्या क्षणापासून मागे बघते. आपण 'वॉज' लिहायला सांगतो, तेव्हा मुलाच्या मनात 'सभा आज होती' उमटतं आणि त्याचा अर्थ होतो की सभा होऊन गेली. म्हणजे त्याला आपली दुरुस्तीच चुकीची वाटते. ही अडचण आधी त्याच्यासमोर मांडायला हवी.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. जानेवारी २०२३पासून मोपाहूनही विमानं सुटू लागली. दाबोळीला पोचलेल्या प्रवाशाला कळतं की आपलं विमान मोपाहून आहे. तो म्हणतो, 'मला वाटलं, विमान दाबोळीहून आहे.' इंग्रजीत इथे 'वॉज' येईल. 'मला वाटलं, विमान सुटलं' याला 'हॅड लेफ्ट', आणि 'मला वाटलं, विमान उशिरा सुटेल' याला 'वुड लीव्ह'. ही तीन वाक्यं फळ्यावर शेजारी लिहिली की दिसतं, मराठीतला प्रत्येक काळ इंग्रजीत एक पायरी मागे सरकतो.

पण हे सरकणं सगळीकडे सक्तीचं नाही. सभा संध्याकाळी असेल आणि कुणी दुपारी 'शी टोल्ड मी द मीटिंग इज टुडे' म्हटलं, तर ते बरोबर आहे. शालेय व्याकरणं ही सूट बहुधा फक्त त्रिकालाबाधित सत्यांना देतात. माझ्या मते ते फार तोकडं आहे. विचारायचं ते इतकंच: सांगितलेली गोष्ट बोलणाऱ्याच्या दृष्टीने अजून खरी आहे का? 'थॉट' आपण बहुतेकदा समज खोटा ठरल्यावर वापरतो, म्हणून तिथे 'इज' खटकतो. 'टोल्ड'च्या वाक्यावर मात्र गुण कापू नयेत.

नियम घोटून घेतला की उलटी चूकही येते. 'आय मेट अ मॅन हू लिव्ह्ज इन सांखळी' हे मूल 'लिव्ह्ड' करून ठेवतं. तो माणूस आजही सांखळीत राहत असेल, तर 'लिव्ह्ज'च हवं. 'हू'ने जोडलेलं वाक्य माणसाची ओळख सांगतं, कुणाचं म्हणणं किंवा वाटणं नाही. त्याचा काळ स्वतःचा असतो. शंका आली, तर मुलाला ते वाक्य मराठीत सांगायला लावावं. मराठीत 'की' किंवा 'असं' घालता आलं, तरच पायरी मागे जायचा प्रश्न येतो. 'सांखळीत राहणारा माणूस' यात दोन्ही बसत नाहीत.