आडनावाच्या रकान्यातला ठिपका

होळी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सण आठवतो, आम्हा वसईकरांना बाजार आठवतो. गेल्या महिन्यात तिथेच माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. सलाम झाला, अम्मी-अब्बांची विचारपूस झाली, आणि तिने पिशवीतून झेरॉक्सच्या दुकानातून नुकताच काढलेला दोन पानी रेझ्युमे पुढे केला. "सर, इंग्रजी बघून द्या ना. बिझनेस ॲनालिस्टची जागा आहे, शुक्रवारपर्यंत पाठवायचाय." सोबत मोबाईलवर जाहिरातही होती.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. हे माझं क्षेत्र नव्हे. पण माझा धाकटा भाऊ ऐरोलीत बरीच वर्षं हेच काम करतो आणि मुलाखतीही घेतो. त्याच्या शेजारी बसून मी असे बरेच कागद वाचले आहेत. त्यामुळे इंग्रजी तपासायच्या आधी मी जाहिरात वाचली. आरोग्य विम्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, दोन ते चार वर्षांचा अनुभव, आणि तीन मुख्य अपेक्षा: कामाच्या गरजा समजून घेऊन नोंदवणे, वेगवेगळ्या विभागांच्या लोकांना धरून काम पुढे नेणे, आणि गरजपत्रक, युजर स्टोरी, प्रक्रियेचे आराखडे असे दस्तऐवज तयार करणे.

मग तिचा रेझ्युमे वाचला. (तो इंग्रजीत होता, मी इथे मराठीत सांगतो.) "रिक्वायरमेंट गॅदरिंगमध्ये सहभाग. स्टेकहोल्डरांशी समन्वय. डॉक्युमेंटेशनचा अनुभव. उत्तम संवादकौशल्य." जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे परत आले होते. शिक्षकाला हे ओळखीचं असतं. ज्या मुलाला धड्याबद्दल काही सांगायचं नसतं, तो प्रश्नच उत्तरपत्रिकेत उतरवतो. फरक इतकाच की हिला सांगायला बरंच होतं.

जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत असावेतच, कारण पहिली चाळणी पुष्कळदा सॉफ्टवेअर लावतं. पण चाळणीतून खाली उतरल्यावर कागद माणसाच्या हातात जातो, आणि भावाच्या म्हणण्याप्रमाणे तो माणूस त्या शब्दावर बोट ठेवून एकच विचारतो: कोणाकडून काय काढलंत, आणि त्यामुळे काय बदललं? "सहभाग" या शब्दाला यातलं एकही उत्तर देता येत नाही.

मी तिला म्हटलं, "बेटा, हे राहू दे. ऑफिसात तू खरोखर काय केलंस ते सांग."

ती तीन वर्षं अंधेरीच्या एका ऑफिसात आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं काम करते. पदाच्या नावात ॲनालिस्ट वगैरे काही नाही. बोलता बोलता तिने सांगितलं की "नाव जुळत नाही" म्हणून अडकणारे क्लेम तिच्या टेबलावर फार यायचे. वैतागून तिने एका महिन्यात असे 140 क्लेम वहीत उतरवले आणि प्रत्येकासमोर कारण लिहिलं. 61 मध्ये नुसता स्पेलिंगचा फरक, शेख एकीकडे एका तऱ्हेने आणि दुसरीकडे दुसऱ्या तऱ्हेने. 27 किरकोळ. उरलेले 52 मात्र विचित्र होते. त्यांच्या आडनावाच्या रकान्यात एक ठिपका होता, किंवा पहिलं नावच पुन्हा लिहिलेलं होतं.

आपल्या वाचकांना हा ठिपका समजावून सांगायला नको. आपल्याकडे कित्येक बायकांची नावं फातिमा बी, जैनब बानो अशी असतात. "बी" हे आडनाव नव्हे, पण एका कागदावर ते आडनाव होतं, दुसऱ्यावर नावाला चिकटतं, तिसऱ्यावर गळून पडतं. त्यात सरकारी कागदांची तऱ्हा वेगळी. आधारवर अख्खं नाव एका ओळीत असतं. पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा, म्हणून ज्याला एकच नाव आहे त्याचं ते नाव आडनावाच्या जागी बसतं. पासपोर्टात उलट, आडनाव रिकामं चालतं आणि तेच नाव पहिल्या नावाच्या जागी जातं. माणूस एक, नाव एक, आणि रकाने जुळवणाऱ्या यंत्राला मात्र दोन माणसं दिसतात.

ती एवढ्यावर थांबली नाही. ठिपका कोण टाकतं, हे तिने डेटा एन्ट्रीच्या मुलांना विचारलं. आधी कोणी कबूल होईना. मग दुपारच्या डब्याच्या वेळी ती त्यांच्यातल्या एकाशेजारी बसली आणि तो फॉर्म कसा भरतो हे नुसतं बघत राहिली. रकाना रिकामा ठेवला तर स्क्रीन पुढे जात नाही आणि रोजचा आकडा तर गाठायचा असतो, म्हणून ठिपका. हा ठिपका कुठल्याही सूचनापुस्तकात नव्हता आणि साहेबांनाही माहीत नव्हता.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण जाहिरातीची पहिली अपेक्षा ती हीच. "गॅदरिंग" हा शब्द फसवा आहे. बोरं वेचावीत तशा गरजा खाली पडलेल्या असतात असं त्यातून वाटतं. या व्यवसायाची आयआयबीए नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या मार्गदर्शक ग्रंथाची तिसरी आवृत्ती 2015 ची, आणि त्यात या कामासाठी "इलिसिटेशन" हा शब्द आहे, म्हणजे आत असलेलं बाहेर काढणं. मुलाखत घेणं ही त्याची एक रीत, माणूस काम करताना बघणं ही दुसरी, जुन्या नोंदी चाळणं ही तिसरी. पोरीने दोन रीती कोणी न शिकवता वापरल्या होत्या, आणि रेझ्युमेत लिहिलं होतं "सहभाग".

"मग हे का नाही लिहिलंस?"

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "सर, ते लिहिलं तर वाटेल, आमच्याच लोकांच्या नावांसाठी भांडले."

ही भीती खोटी नाही, आणि तिला हसण्यावारी नेणारा मी कोण. पण वहीत बघ म्हटलं. त्या 52 मध्ये 19 जण दक्षिणेकडचे निघाले, ज्यांच्या नावामागे आडनाव नसून वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. हे तिला तेव्हाच दिसलं होतं, आणि म्हणूनच तिने साहेबांसमोर "मुस्लिम नावं" असं न म्हणता "एकच नाव किंवा आद्याक्षर असलेले विमाधारक" असा गट मांडला होता. मला हे धूर्तपणाचं वाटत नाही, अचूकपणाचं वाटतं. गट चुकीचा पाडला असता तर उपायही अर्धाच निघाला असता.

दुसरी अपेक्षा लोकांना धरून काम करण्याची. इथे तीन बाजू होत्या. एन्ट्रीच्या मुलांना रकाना ऐच्छिक हवा होता. नियमपालन बघणाऱ्या बाईंचा त्याला साफ नकार, कारण रिकामं आडनाव म्हणजे उद्या ऑडिटमध्ये आपली मान. आणि आयटीवाले म्हणत होते की रकाना सक्तीचा ठेवणं आमच्या हातात नाही, विमा कंपनीला जाणारी फाईलच तशी लागते. "समन्वय" या शब्दात हे तिघं दिसत नाहीत. तिने केलं असं की बाईंना त्या 52 पैकी काही क्लेम शेजारी बसून दाखवले. रकाना सक्तीचा ठेवूनही आत ठिपकाच भरला जातो, म्हणजे आज ऑडिटला दाखवायला आहे ते काय, एवढंच विचारलं. मग बाईंनी अट घातली: नाव न जुळलेला क्लेम आपोआप मंजूर व्हायचा नाही, माणसाने बघायचा, आणि कारण नोंदवायचं. या अटीवर गाडी पुढे सरकली.

तिसरी अपेक्षा लिहिण्याची. तिने आयटीला तीन पानांची टिपणी दिली होती. ती मी पाहिली नाही, ऑफिसचा कागद बाहेर आणू नये हे तिला कळतं. तिच्याच तोंडून समजलं की पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: "सिस्टीमने सर्व प्रकारची नावं स्वीकारावीत." आयटीने तो परत पाठवला, आणि बरोबर केलं. या वाक्याची चाचणी कशी घेणार? दुसऱ्या मसुद्यात तिने असं लिहिलं: विमाधारकाच्या ओळखपत्रावर एकच नाव असेल, आणि एन्ट्री करणाऱ्याने "एकच नाव" ही खूण केली असेल, तर आडनावाचा रकाना बंद व्हावा, फाईलमध्ये दोन्ही जागी तेच नाव जावं, आणि जुळवणी रकान्यागणिक न होता अख्ख्या नावाची व्हावी, एका नावाची पुनरुक्ती सोडून, तरीही न जुळल्यास क्लेम नाकारला न जाता तपासणीच्या यादीत यावा. आता यातल्या प्रत्येक तुकड्याला हो किंवा नाही म्हणता येतं. व्याकरणाच्या तासाला मी याहून वेगळं काय सांगतो? मोघम विशेषण काढा, कर्ता आणि क्रियापद लिहा.

बदल झाल्यानंतरच्या महिन्यात तिच्या टेबलावर असे 52 च्या जागी 11 क्लेम आले. तिला लिहायचं होतं "चुका 80 टक्क्यांनी कमी केल्या." मी नको म्हटलं. ही एका टेबलाची, एका महिन्याची मोजणी, आणि बदल एकटीने केला नाही. भावाला फोन लावला, तोही हेच म्हणाला: टक्केवारी पाहिली की मी पहिला प्रश्न त्यावरच विचारतो, आणि मोजलं कसं हे सांगता आलं नाही तर उरलेल्या कागदावरचाही विश्वास उडतो. तसंच त्या टिपणीला जाहिरातीतलं भारदस्त "गरजपत्रक" हे नाव द्यायचं नाही, टिपणीच म्हणायचं. प्रक्रियेचे आराखडे तिने कधी काढलेले नाहीत, ते कागदावर येणार नाहीत. तेवढी उणीव राहील, आणि मुलाखतीत विचारलं तर तिला ती मान्य करावी लागेल.

शेवटी पहिल्या नोकरीखाली चार ओळी उरल्या. "नाव न जुळल्याने अडकलेले 140 क्लेम कारणांनुसार वेगळे केले, एन्ट्रीचं काम प्रत्यक्ष बघून एकच नाव असलेल्यांच्या 52 क्लेमचं मूळ शोधलं. नियमपालन, एन्ट्री आणि आयटी यांच्यात माणसाने तपासण्याच्या अटीवर सहमती घडवली. चाचणी घेता येईल अशा निकषांसह तीन पानांची गरज-टिपणी लिहिली. बदलानंतरच्या महिन्यात माझ्या टेबलावर असे 11 क्लेम आले." ऑफिसच्या ग्राहकाचं नाव कुठेही नाही.

"उत्तम संवादकौशल्य" ही ओळ मी खोडणार होतो, तिने माझ्या आधीच खोडली. मग इंग्रजी तपासायला घेतलं. त्यात दोनच चुका होत्या.