सोनं उतरलं तरी खाण का थांबत नाही?

जगात सोन्याचा भाव पडला की कॉलेजच्या कट्ट्यावर एक तर्क हमखास ऐकू येतो. ‘आता खाणी तोट्यात जाणार, बंद पडणार, सोनं कमी येणार आणि भाव पुन्हा चढणार.’ ऐकायला पटतं, पण माझ्या मते हा तर्क अर्धवट आहे. सोनं विकलं जातं डॉलरच्या भावाने. खाणवाला मजुरी आणि वीजबिल मात्र आपल्या देशाच्या चलनात देतो.

बारामती-इंदापूरकडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. द्राक्षं युरोपात गेली, तिथला दर तोच राहिला आणि रुपया घसरला, तर हातात रुपये जास्त येतात. छाटणीची मजुरी काही दुसऱ्या दिवशी वाढत नाही.

आता रशियाकडे बघा. २०१४ च्या सुरुवातीला एक औंस, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम सोनं, सुमारे १,२०० डॉलरला होतं. २०१५ च्या अखेरीस ते १,०६० वर उतरलं. त्याच काळात तेलाचे भाव कोसळले, निर्बंध आले आणि एका डॉलरला ३३ रूबल मिळत होते तिथे ७३ मिळू लागले. गुणाकार करा. रूबलमध्ये औंसाचा भाव सुमारे ३९,६०० वरून ७७,००० च्या पुढे गेला. पडलं ते डॉलरमधलं सोनं. रशियन खाणीसाठी ते जवळपास दुप्पट महाग झालं!

समजा, एका खाणीला औंसामागे ३०,००० रूबल खर्च येत होता. म्हणजे सुमारे ९१० डॉलर. महागाईने तो ३८,००० झाला, तरी नव्या दराने फक्त ५२० डॉलर. अशी खाण कोण बंद करेल?

अर्थात, हा फायदा कायमचा नसतो. यंत्रं आयात केलेली असतील किंवा कर्ज डॉलरचं असेल, तर तो भाग महागतो. मजुरीही काही वर्षांत महागाईला गाठतेच. आपल्या शेजारच्या कर्नाटकातली कोलारची खाण आठवा. १९९० ते २००१ मध्ये डॉलर साधारण १७ रुपयांवरून ४६ वर गेला, रुपयातलं सोनंही महागलं. तरी २००१ मध्ये खाण बंद झाली. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणीत दगडातलं सोनं विरळ झालं होतं आणि खर्च आवाक्याबाहेर गेला होता. घसरलेलं चलन खर्च हलका करतं, संपत आलेलं सोनं परत आणत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘सोनं पडलं, आता पुरवठा आटणार’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा: खाण कुठल्या देशात आहे, आणि तिथल्या चलनात सोनं पडलंय की चढलंय?