कव्हर लेटरमधला दुधाचा हिशेब

शेवटच्या वर्षाच्या परीक्षा झाल्या की मुलांची नोकरीच्या अर्जांची धांदल सुरू होते. शिरूरची आमची एक माजी विद्यार्थिनी, आता बी.एस्सी. संगणकशास्त्र झालेली, खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी लिहिलेले कव्हर लेटर दाखवायला आली होती. इंग्रजी चांगले होते. मी मेहनती आहे, मला शिकण्याची आवड आहे, मला जावा, पायथन, एसक्यूएल येते, असा सगळा मजकूर. पण तिचे नाव काढून तिथे दौंडच्या कुणा मुलाचे नाव टाकले असते तरी पत्रात काही बिघडले नसते. अडचण नेमकी तीच होती. येणाऱ्या विषयांची यादी बायोडाटात असतेच. पत्राने ती पुन्हा वाचून दाखवायची नसते.

आम्ही तिला आधी कंपनीची जाहिरात काढायला लावली. तिच्यात मागण्या बऱ्याच होत्या, पण कामाच्या दोनच: जावा व एसक्यूएल वापरता येणे, आणि डेटातल्या चुका शोधून त्या दुरुस्त करता येणे. मग विचारले, "कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये यातले काय केलेस, बेटा?" ती म्हणाली, "काही विशेष नाही सर, दूध डेअरीचे सॉफ्टवेअर." पत्रातही एवढेच होते: डेअरी मॅनेजमेंट सिस्टिम, एक ओळ.

खोदून विचारल्यावर खरी गोष्ट निघाली. दौंड तालुक्यात तिच्या मामूंच्या गावी दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येते. लिटर, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद होते आणि दहा दिवसांनी बिल निघते. तिघींच्या गटाने बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये दर एकाच ठिकाणी ठेवलेला होता. बिलाच्या मध्येच दर बदलला की आधीच्या दिवसांचे दूधही नव्या दराने मोजले जाई. समजा, एकाचे रोज १० लिटर दूध आहे. पहिले पाच दिवस दर ३२ रुपये, पुढचे पाच दिवस ३४. बिल १६०० अधिक १७००, म्हणजे ३३०० रुपये व्हायला हवे. प्रोग्रॅम दाखवी ३४००. मामूंच्या हातच्या वहीशी बिले ताडून पाहताना ही चूक हिलाच सापडली. मग तिने दरांचा वेगळा तक्ता केला, प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू हे लिहिले, आणि दुधाच्या नोंदीच्या तारखेवरून दर उचलण्याची सोय केली. एकाच सभासदाची एकाच वेळची नोंद दोनदा होऊ नये, अशी अटही डेटाबेसमध्ये घातली.

जाहिरातीत मागितलेले काम ते हेच. कंपनीत दुधाऐवजी विम्याचे हप्ते असतील किंवा पगार असतील, पण मध्येच बदलणारा दर आणि दोनदा पडलेली नोंद तिथेही भेटते. म्हणून पत्राचा मधला परिच्छेद नव्याने लिहिला. पत्र अर्थात इंग्रजीतच गेले. मराठीत त्याचा मजकूर असा होता:

"आपल्या जाहिरातीत एसक्यूएल आणि डेटातील चुका दुरुस्त करण्याचे काम नमूद आहे. तिघींच्या गटात केलेल्या दूध संकलनाच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेस आणि बिलाचा भाग माझ्याकडे होता. दर मध्येच बदलल्यास जुन्या नोंदींचे बिल चुकते, हे मला हातच्या वहीशी ताडून पाहताना आढळले. मी तारखेनुसार दरांचा तक्ता करून ते दुरुस्त केले व ४० सभासदांच्या दहा दिवसांच्या, म्हणजे ८०० नोंदींवर तपासले. प्रोग्रॅम एकाच संगणकावर चालतो; अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची चाचणी झालेली नाही."

शेवटचे वाक्य तिच्या अब्बांना खटकले. आपली उणीव आपणच का सांगायची? आमचे मत उलटे आहे. मुलाखतीत हा प्रश्न येणारच, आणि पत्रात आधीच लिहिलेले असले की उत्तर देताना तारांबळ होत नाही. तसेच "माझ्याकडे होता" या शब्दांचे. आम्ही या सदरात "आम्ही" लिहितो ते चालते. अर्जात ते चालत नाही. तिथे "आम्ही बनवले" म्हटले की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, त्यात तुमचे काय? मैत्रिणीने केलेला स्क्रीनचा भाग हिने आपल्या नावावर घेतला नाही, हे आम्हाला विशेष आवडले. पुण्यातून तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्यांची अडचण इथेच होते. चूक कशी सापडली, हे त्यांना सांगता येत नाही, कारण ती त्यांनी शोधलेलीच नसते.

बाकी पत्र लहानच ठेवले. सुरुवातीला कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते एका वाक्यात, मग हा परिच्छेद, आणि अखेरीस खराडीजवळ राहण्याची सोय झाली असून निकालानंतर लगेच रुजू होता येईल, एवढेच. सगळे मिळून एका पानाच्या आत. "मेहनती" हा शब्द मात्र तिने स्वतःच खोडला.